ई-इंक मॉनिटरवरचे भुताटकी अनुस्वार: घोस्टिंग पुसूनही परत येत असेल तर

मे महिन्यात रावेरच्या एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक मुद्रितशोधनाला माझ्याकडे आलं. केळीच्या लागवडीवरचं, सव्वादोनशे पानांचं. मी भुसावळला घरीच बसून ही कामं करतो. दिवसभर साध्या स्क्रीनकडे पाहून डोळे चुरचुरायला लागले म्हणून वर्षभरापूर्वी तेरा इंची ई-इंक मॉनिटर घेतला. त्यावर पहिली तीस पानं तपासली, दुरुस्त्या लिहून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन.

"भाऊ, तुमना डोयास्ले काय व्हयनं?"

चौदा ठिकाणी मी अनुस्वार काढून टाकायला सांगितलं होतं, आणि त्या चौदाही ठिकाणी मूळ पानात अनुस्वार नव्हताच. उलट सहा ठिकाणी 'त्यांना'चा अनुस्वार राहिला असं लिहून कळवलं होतं, तिथे तो व्यवस्थित बसलेला होता. गुरुजी हसत होते, मला मात्र घाम फुटला.

ई-इंकवर घोस्टिंग असतंच, म्हणजे आधीच्या मजकुराची फिकट सावली काचेवर उरते, हे मला माहीत होतं. सावली दिसली की मॉनिटरचं क्लिअर बटण दाबायचो, पडदा एकदा काळा-पांढरा लुकलुकायचा आणि स्वच्छ व्हायचा. दहा मिनिटांत पुन्हा तेच. नुसतं वाचताना याची सवय होते. पण इंग्रजी वाचणाऱ्याला जी सावली म्हणजे थोडा मळकट कागद, ती देवनागरी तपासणाऱ्याला चूक होऊन दिसते. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर ओळी त्याच उंचीवर येतात. म्हणजे आधीच्या पानावर 'केंद्र'चं टिंब ज्या उंचीवर होतं, बरोबर त्याच उंचीवर पुढच्या पानावरच्या एखाद्या अक्षराच्या शिरोरेषेवरची मोकळी जागा येते. उरलेलं टिंब नेमकं अनुस्वाराच्या जागी जाऊन बसतं. केळीच्या पुस्तकात 'पान पिवळं पडतं' आणि 'पानं पिवळी पडतात' यांत किती फरक आहे, ते शेतकऱ्याला विचारा.

आधी एक तपासणी

शंका आली की स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. घोस्टिंग काचेच्या आतल्या कणांमध्ये असतं, संगणकाच्या चित्रात नसतं, त्यामुळे ते स्क्रीनशॉटमध्ये येऊच शकत नाही. मोबाइलवर टिंब दिसलं तर ते फाइलमध्ये आहे. दिसलं नाही तर ती सावली. गुरुजींच्या चौदा जागा मी अशाच तपासल्या आणि चौदाही सावल्या निघाल्या.

त्या सहा 'त्यांना'चं मात्र कोडं वेगळं होतं. तिथे काही उरलेलं नव्हतं, उलट असलेलं गळालं होतं. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. मी सुरुवातीला दोन्हीवर एकच उपाय करत बसलो होतो, म्हणून काही सुधारत नव्हतं.

आत काय चालतं

ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात. त्यांच्यातल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या उलट. व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. व्होल्टेज काढलं तरी कण जिथे असतील तिथेच राहतात. वीज गेली तरी पान दिसत राहतं ते यामुळे, आणि घोस्टिंगही यामुळेच. कण पूर्ण वर न पोचता मध्येच थांबला, तर तो तिथेच राहतो.

कोणत्या कणाला किती वेळ ढकलायचं याची ठरलेली पद्धत म्हणजे वेव्हफॉर्म. रिफ्रेश मोड बदलता तेव्हा तुम्ही खरं तर वेव्हफॉर्म बदलत असता. ई-इंक पॅनेलमध्ये नेहमी भेटणारे दोन टोकाचे प्रकार आहेत. जीसी१६ हा सोळा करड्या छटा दाखवतो, आधी कणांना काळ्या-पांढऱ्याकडे पूर्ण हलवून मग जागेवर आणतो आणि नेहमीच्या तापमानाला त्याला साधारण ४५० मिलिसेकंद लागतात. ए२ फक्त काळं आणि पांढरं जाणतो, १२० मिलिसेकंदांच्या आसपास काम उरकतो आणि मागचं नीट पुसत नाही. शाळेतली पाटी आठवा. ओल्या फडक्याने पुसली की वेळ लागायचा पण पाटी काळीभोर व्हायची. घाईत तळहाताने पुसली की कालच्या पाढ्यांवरच आजचं शुद्धलेखन. ए२ म्हणजे तळहात.

मॉनिटरच्या मेनूमध्ये ही नावं बहुतेकदा नसतात. तिथे टेक्स्ट, व्हिडिओ, इमेज, रीडिंग असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि एका कंपनीचं टेक्स्ट म्हणजे दुसरीचं टेक्स्ट नव्हे. नावावर जाऊ नका. एखादा फोटो उघडा, प्रत्येक मोड लावा आणि डोळा जवळ नेऊन करड्या भागाकडे बघा. करडा सलग दिसला तर तो मोड छटा दाखवतो. करड्याच्या जागी काळ्या टिपक्यांची रांगोळी दिसली, तर तो मोड फक्त काळं-पांढरं करतोय आणि टिपके पेरून करड्याचा भास निर्माण करतोय. याला डिदरिंग म्हणतात.

माझ्या मॉनिटरचा टेक्स्ट मोड या दुसऱ्या जातीचा निघाला. सहा 'त्यांना'चं कोडं तिथेच सुटलं. संगणक अक्षरांच्या कडा करड्या रंगाने गुळगुळीत करतो. लहान आकारातलं बारीक टिंब जवळजवळ पूर्ण करडंच असतं. फक्त काळं-पांढरं जाणणाऱ्या मोडने त्याला पांढऱ्यात ढकललं की अनुस्वार गेला. म्हणजे त्या मोडमध्ये जुने अनुस्वार उरत होते आणि नवे गळत होते. यावर मुद्रितशोधन करणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

वाचण्यासाठी

वाचताना आणि तपासताना छटा दाखवणारा मोडच लावा. पान उलटताना अर्धा सेकंद जातो, जाऊ द्या. मॉनिटरवर आपोआप पूर्ण रिफ्रेश करण्याची सोय असेल तर किती बदलांनंतर तो व्हावा हे ठरवता येतं. माझ्याकडे या मोडमध्ये सावली वाचता येण्याइतकी गडद व्हायला आठ-नऊ पानं लागली, म्हणून मी पाचावर ठेवलं. तुमचा आकडा तुम्ही काढा: बटणाने पडदा स्वच्छ करा, एकेक पान उलटत जा आणि समासाच्या कोऱ्या जागेत अक्षर ओळखू येईल इतकी सावली कितव्या पानाला पडते ते बघा. त्याच्या निम्म्या आकड्याने सुरुवात करा. माझ्या जुन्या टेक्स्ट मोडमध्ये हा आकडा चार निघाला होता. मी बटण दाबत होतो दर पंधरा-वीस पानांनी.

मोडइतकंच महत्त्वाचं म्हणजे सरकवणं बंद करा. पीडीएफ सलग सरकवत वाचलं की प्रत्येक ओळ तिच्या मुक्कामाला पोचेपर्यंत वाटेत पाच-पंचवीस ठिकाणी उमटते आणि पुसली जाते. कण एका दिशेने निघालेला असतो तोच त्याला परत फिरायचा हुकूम येतो. सावली सगळ्यात जास्त इथे तयार होते. पीडीएफ वाचकात एका वेळी एकच पान दिसेल असं करा, पूर्ण पान पडद्यात मावेल असं ठेवा आणि `Page Down`ने उलटा. पान फार बारीक दिसत असेल तर मॉनिटर उभा करा. मॉनिटर उभा होत नसेल तर अर्धं-अर्धं पान दाखवा, पण उडी मारतच जा.

ब्राउझरमध्येही तसंच. स्पेसबार दाबला की बहुतेक ब्राउझर पडदाभर उडी न मारता घसरत जातात, ती घसरण बंद करावी लागते. विंडोजमध्ये `Settings`, `Accessibility`, `Visual effects` इथे जाऊन `Animation effects` बंद करा, तिथेच `Transparency effects`ही. मी उबुंटू वापरतो, तिथे टर्मिनलमध्ये या दोन ओळी पुरतात:

```
gsettings set org.gnome.desktop.interface enable-animations false
gsettings set org.gnome.desktop.interface cursor-blink false
```

दुसरी ओळ लुकलुकणाऱ्या कर्सरसाठी आहे. सेकंदाला एकदा उमटणारी आणि पुसली जाणारी ती उभी दांडी आपल्याला काना वाटेल अशी खूण सोडते.

लिहिण्यासाठी

लिहिताना अर्ध्या सेकंदाची वाट पाहणं शक्य नाही. अक्षर बोटामागे आलंच पाहिजे, नाहीतर आपण तीच कळ दोनदा दाबतो. म्हणून इथे जलद मोडच लागतो. पण त्यात शिरण्याची एक रीत आहे आणि ती मला फार उशिरा कळली.

मोड बदलण्याच्या आधी पडदा पांढरा करा. कोरी विंडो पडदाभर उघडा, पूर्ण रिफ्रेशचं बटण दाबा, मग जलद मोड लावा आणि त्यानंतर लिहिण्याचं पान समोर आणा. कारण असं की ए२ला फक्त काळ्यावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यावर जाता येतं. पडद्यावर करड्या छटा असताना त्यात शिरलात, तर त्या करड्या कणांना कुठे न्यायचं हे त्याला नीट ठाऊक नसतं. ते तसेच राहतात आणि पुढचा सगळा वेळ पार्श्वभूमीला चिकटलेले दिसतात. आम्ही सगळे बाहेर पडताना पुसतो, शिरताना पुसत नाही. बाहेर पडतानाही पुसायचंच आहे, ते वेगळं.

त्यानंतरचा सगळा खेळ पडद्यावर कमीत कमी बदल होऊ देण्याचा आहे. इथे मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला काही खास गोष्टी येतात.

पहिली म्हणजे मजकूर दोन्ही बाजूंनी जुळवलेला ठेवून लिहू नका. `Justify` चालू असताना परिच्छेदाच्या मध्ये एक अक्षर घातलं तरी ओळीतल्या सगळ्या मोकळ्या जागा बदलतात आणि सगळे शब्द केसभर सरकतात. प्रत्येक कळीमागे अख्खी ओळ पुन्हा काढली जाते आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याचीच सावली उभी राहते. डावीकडून जुळवा, लिहून झाल्यावर शेवटी हवं ते करा. या एका बदलाने माझ्याकडची निम्म्याहून जास्त घाण गेली.

दुसरी, शब्दांखालच्या लाल नागमोडी रेषा. मराठीचा शब्दकोश नीट नसेल तर त्या जवळपास प्रत्येक शब्दाखाली येतात, शब्द पूर्ण झाला की काही जातात, आणि जाताना मागे जे ठेवतात ते हुबेहूब उकारासारखं दिसतं. 'गुरुजी'मधला रु ऱ्हस्व की दीर्घ, यावर मी एकदा पाच मिनिटं घालवली आहेत. लिहिताना ही तपासणी बंद ठेवा.

तिसरी गोष्ट कळफलकाची. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीत कर्सरजवळ पर्यायांची चौकट उघडते, प्रत्येक कळीला बदलते आणि शब्द संपला की मिटते. जलद मोडमध्ये त्या चौकटींच्या कडा परिच्छेदभर पसरतात. इनस्क्रिप्टमध्ये चौकटच नाही. मी इनस्क्रिप्टवालाच असल्याने माझं मत एकतर्फी समजा, पण चौकट बंद करण्याची सोय असेल तर ती तरी करा. जोडाक्षर तयार होताना अक्षराचा आकार बदलतो (क, मग क्, मग क्ष) आणि तेवढी पुसापुशी कुठल्याही पद्धतीत होणारच, ती टळत नाही.

फाँट जाड घ्या. अनुस्वार गळण्यावर हाच उपाय आहे. मी मुक्ता फाँटचं मीडियम वजन वापरतो, अठरा पॉइंटला. तो मोफत मिळतो आणि त्याच्या वजनांमध्ये निवड करता येते. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं ठेवा. डोळ्यांना बरं म्हणून जी मंद पिवळसर किंवा करडी पार्श्वभूमी आपण साध्या स्क्रीनवर लावतो, तिचे इथे टिपके होतात आणि टिपका म्हणजे पुन्हा अनुस्वार. मॉनिटरच्या मेनूमध्ये फिकट रंग पांढरे करणारी सोय असेल तर ती थोडी वाढवा, पण एकेक पायरीने. जास्त झाली की पहिले बळी टिंबं आणि रफार.

परिच्छेद संपला की मी बटण दाबतो. वेळेवर चालणारा आपोआप रिफ्रेश लिहिताना बंद ठेवला आहे, कारण शब्दाच्या मध्येच पडदा काळा झाला की वाक्य हातातून सुटतं.

गुरुजींची तीच तीस पानं

हे सगळं लावून ती तीस पानं पुन्हा तपासली. छटांचा मोड, एकेक पान, पाच पानांनी पूर्ण रिफ्रेश. खोटे अनुस्वार दोन सापडले आणि दोन्ही पाचव्या पानाच्या जवळपास, म्हणजे रिफ्रेश होण्याच्या अगदी आधी. मग आकडा तीनवर आणला आणि उरलेल्या पुस्तकात एकही सापडला नाही. 'त्यांना' सगळे जागेवर दिसले. खरी चूक मात्र एक मिळाली, 'कांदेबाग'चं 'कादेबाग' झालं होतं. पहिल्या फेरीत तिच्यावर मागच्या पानाचं टिंब बसून ती बरोबर दिसली होती. हे मी गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

इतकं करूनही सावली राहिली तर

बटण लागोपाठ पाच-सहा वेळा दाबा. दरवेळी सावली थोडी फिकट होत असेल तर कण सुटत आहेत, काळजी नाही. तीच सावली, त्याच जागी, तशीच राहत असेल आणि ती खालच्या टास्कबारची किंवा वरच्या मेनूपट्टीची असेल, तर ते एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिल्याने झालं आहे. टास्कबार आपोआप लपेल असं करा, पडदाभर कोरी पांढरी आणि मग काळी विंडो आलटून पालटून दाखवत पूर्ण रिफ्रेश करत राहा. माझ्याकडे एका संध्याकाळीत गेली. दिवसभर जलद मोडमध्येच ठेवून देणाऱ्यांना हे लवकर भोगावं लागतं, म्हणून जेवायला उठताना मी मोड बदलून पडदा पुसून जातो.

सावली नसून अक्षरंच धूसर असतील तर रिफ्रेश मोडशी झगडू नका. संगणकाचं रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनइतकं आहे का ते बघा. नसेल तर प्रत्येक अक्षराच्या कडा करड्या होतात आणि जलद मोड त्यांचे तुकडे करतो.

राहिलं तापमान. ई-इंकच्या बहुतेक पॅनेलची मर्यादा ० ते ५० अंश असते. कुप्यांमधला द्रव थंडीत दाट होतो, कण हळू सरकतात आणि तेवढ्याच वेळात कमी अंतर जातात. पॅनेल आपलं तापमान पाहून वेगळा वेव्हफॉर्म निवडतं खरं, पण सेन्सर बऱ्याचदा मागच्या बोर्डावर असतो आणि काच खोलीइतकी गार असते. जानेवारीत पहाटे पाचला, धाब्याच्या घरात पारा एक आकडी असताना बसलो की पहिला अर्धा तास घोस्टिंग दुप्पट दिसतं, मग आपोआप कमी होतं. त्या वेळी सेटिंग बदलू नका, दुपारी ती उलटी पडतात. छटांचा मोड लावून वाचा, लिहिणं चहानंतर.

मे महिन्यात उलटं. सावलीत पारा ४५ला असताना पत्र्याखालच्या खोलीत मर्यादा फार दूर राहत नाही आणि ई-इंक उन्हात छान दिसतो म्हणून खिडकीत ठेवला तर काच ती ओलांडू शकते. कूलरसमोर ठेवू नका, त्याची ओल जोडण्यांना बरी नाही. कूलर माणसाकडे, मॉनिटर भिंतीकडे, हे माझं सध्याचं उन्हाळी नेपथ्य.

आणि केळीच्या पानांवरच्या करप्याचे फोटो तपासायचे असतील, तर सरळ जुना एलसीडी लावा. करप्याचा डाग तपकिरी की पिवळा, हे काळ्या-पांढऱ्या ई-इंकवर कुठल्याच मोडमध्ये कळत नाही. ती सोळा पानं मी तशीच पाहिली.